प्रकल्प पूर्तता अहवालात उद्दिष्ट, साध्य आणि तूट कशी मांडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात पाणी आणि शेतीच्या प्रकल्पांवर काम करताना मी गेली अनेक वर्षे निधी देणाऱ्यांसाठी पूर्तता अहवाल लिहीत आलो आहे. लहान संस्थांतील कार्यकर्ते याबाबत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व उत्तरांत जत तालुक्यातील तीन वर्षांच्या एकाच प्रकल्पाचे उदाहरण घेतले आहे. गाव आणि निधी देणारी कंपनी ओळखू येऊ नये म्हणून त्यातील आकडे व तपशील बदलले आहेत, परंतु ज्या अडचणी सांगितल्या आहेत त्या जशा आल्या तशाच आहेत.

प्रश्न : पूर्तता अहवालात सर्वांत आधी काय लिहावे?

मंजूर प्रस्तावातील उद्दिष्टे, जशी होती तशी, शब्दही न बदलता. अहवाल लिहायला बसण्यापूर्वी मूळ प्रस्ताव आणि करारनाम्याचे परिशिष्ट समोर ठेवावे आणि प्रत्येक उद्दिष्ट त्यातूनच उतरवून घ्यावे. तीन वर्षांत प्रत्येकाच्या मनात उद्दिष्टाचा आपापला अर्थ तयार झालेला असतो आणि आठवणीतून लिहिलेले उद्दिष्ट नकळत झालेल्या कामाच्या मापाचे होऊन बसते. आमच्या प्रस्तावात "१२० शेतकरी ठिबक सिंचन वापरतील" असे वाक्य होते. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात त्याचे "१२० शेतकऱ्यांपर्यंत ठिबक सिंचन पोहोचवणे" असे झाले होते. हा बदल कोणी मुद्दाम केलेला नव्हता. मात्र "पोहोचवणे" या शब्दात माहिती देणे, अर्ज भरून देणे, संच बसवणे असे सर्व काही मावते, आणि "वापरतील" या शब्दात केवळ वापरणेच मावते.

त्यानंतर एक साधा तक्ता द्यावा. त्यात मूळ उद्दिष्ट, प्रत्यक्ष साध्य, फरक आणि आकडा कोठून घेतला हे चार रकाने पुरेसे आहेत. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात, पण वाचणाऱ्याचा विश्वास त्यावरच बसतो.

| मूळ उद्दिष्ट | साध्य | फरक | आकड्याचा आधार |
|---|---|---|---|
| १२० शेतकरी ठिबक वापरतील | ७१ संच बसले, ५८ वापरात | ६२ कमी | शेतावरील तपासणी, शेवटचा फेब्रुवारी |
| ३०० महिलांना पाणी-ताळेबंदाचे प्रशिक्षण | २३६ | ६४ कमी | हजेरीपट, नावे जुळवून |
| १२ विहिरींची मे महिन्यातील पातळी १.५ मीटरने वर | मूळ पातळी न मोजल्याने तुलना शक्य नाही | – | मोजणी वही |

तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत आकडा नाही याची लाज वाटण्याचे कारण नाही. तेथे जुळवून आणलेला आकडा बसवला असता तर मात्र पुढचा सगळा अहवाल संशयास्पद ठरला असता.

प्रश्न : ७१ संच बसले असताना फरक ४९ ऐवजी ६२ का दाखवला?

कारण उद्दिष्ट वापराचे होते. प्रकल्प संपण्यापूर्वीच्या फेब्रुवारीत आम्ही बसवलेला प्रत्येक संच शेतावर जाऊन पाहिला. त्यातले ५८ संच चालू होते. आठ संचांच्या नळ्या गुंडाळून बांधावर किंवा गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेल्या होत्या. पाच ठिकाणी शेतकरी दोन फेऱ्यांतही भेटले नाहीत, त्यामुळे ते संच वापरात आहेत असे आम्ही धरले नाही. ही गोष्ट तक्त्याखाली एका वाक्यात सांगितली की वाचणाऱ्याला हिशेब लागतो : ४९ संच बसलेच नाहीत, ८ बसूनही वापरात नाहीत, ५ तपासता आले नाहीत, एकूण ६२.

संच चालू आहे की नाही हे ओळखायला फार काही लागत नाही. गाळणी उघडून पाहिली की त्यात ओला गाळ आहे की वाळून खडखडीत झालेली माती आहे ते दिसते. ड्रिपरच्या तोंडाखाली ओलीचा गोल डाग असतो. उपनळीची टोके उघडून शेवटचे पाणी कधी सोडले हे शेतकरी सहज सांगतो. हजेरीपट आणि पावत्यांवरून संच बसल्याचे कळते, वापराचे कळत नाही, म्हणून शेवटच्या फेरीसाठी वेळ आणि प्रवासखर्च आधीच राखून ठेवावा लागतो.

प्रश्न : तूट नेमकी कशी समजावून सांगावी?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

बहुतेक अहवालांत तुटीचे स्पष्टीकरण एका परिच्छेदात येते : "अपुरा पाऊस, प्रशासकीय विलंब आणि शेतकऱ्यांचा अल्प प्रतिसाद यांमुळे उद्दिष्ट पूर्णपणे साध्य होऊ शकले नाही." या वाक्यात खोटे काही नसते. तरीही ते निरुपयोगी असते, कारण कोणत्या कारणाने किती तूट आली हे त्यातून कळत नाही. पाऊस पुरेसा झाला असता तर उद्दिष्ट गाठले असते का, याचे उत्तर त्या वाक्यातून निघत नाही, आणि निधी देणाऱ्याला नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

त्यासाठी तुटीचीच फोड करावी. आम्ही न बसलेल्या ४९ संचांमागील ४९ शेतकऱ्यांची यादी काढली, प्रत्येकाला भेटून किंवा फोन करून कारण विचारले आणि एका शेतकऱ्यापुढे एकच मुख्य कारण लिहिले. निघालेली फोड अशी होती. २२ शेतकऱ्यांचा सातबारा सामाईक होता आणि अनुदानाच्या अर्जासाठी लागणारे इतर खातेदारांचे संमतीपत्र त्यांना मिळाले नाही. १३ जणांनी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला होता, पण प्रकल्प संपेपर्यंत त्यांना पूर्वसंमती मिळाली नव्हती. नऊ जणांच्या विहिरी किंवा बोअर उन्हाळ्यात आटत असल्याने त्यांनी पैसे गुंतवायला नकार दिला. उरलेल्या पाच जणांचे कारण आम्हाला समजले नाही, आणि अहवालातही "कारण समजले नाही : ५" असेच लिहिले.

ही फोड होईपर्यंत आमच्या कार्यालयातही सर्वांचे मत पाणीटंचाईमुळे शेतकरी मागे हटले असेच होते. प्रत्यक्षात पाण्यामुळे मागे राहिलेले नऊच निघाले. सर्वांत मोठे कारण सातबाऱ्याचे होते आणि त्याचा पावसाशी काही संबंध नव्हता. एका शेतकऱ्याने ते ज्या शब्दांत सांगितले ते मी अहवालात तसेच ठेवले : "संमती मागाय भावाकडं गेलो, तर तो म्हणला आधी वाटणी कर, मग सही करतो. आता ठिबकसाठी वाटणी काढू का?" हे एक वाक्य वाचल्यावर ती अडचण निधी देणाऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

प्रश्न : चूक आमच्याच नियोजनाची असेल तर ती लिहावी का?

लिहावी, आणि ती बाहेरच्या कारणांत मिसळू देऊ नये. वरच्या उदाहरणात २२ जणांचे कारण "सामाईक खातेदारांची संमती मिळाली नाही" एवढेच लिहून सोडून दिले असते तर दोष शेतकऱ्यांच्या भावबंदकीवर गेला असता. खरी गोष्ट अशी होती की प्रस्ताव लिहिताना आम्ही १२० हा आकडा गावातील विहिरींच्या संख्येवरून काढला होता आणि एकही सातबारा पाहिला नव्हता. सामाईक क्षेत्रावर अनुदानासाठी सर्वांची संमती लागते हे आम्हाला माहीत होते, पण ते उद्दिष्ट ठरवताना हिशेबात घेतले नाही. अहवालात आम्ही असे लिहिले :

"१२० शेतकऱ्यांचे उद्दिष्ट ठरवताना जमिनीच्या नोंदी तपासल्या नव्हत्या. प्रस्तावाच्या वेळी सातबारा व आठ-अ पाहिले असते, तर २२ शेतकरी अनुदानास लगेच पात्र ठरणार नाहीत हे तेव्हाच लक्षात आले असते आणि उद्दिष्ट ९८ च्या आसपास ठेवता आले असते. ही त्रुटी संस्थेच्या नियोजनातील आहे."

या परिच्छेदात माफी किंवा कबुलीचा सूर नाही. काय केले नाही, त्यामुळे किती फरक पडला आणि तो आधी कसा कळला असता, एवढेच त्यात आहे. "दिलगीर आहोत", "प्रयत्नांची पराकाष्ठा करूनही" असे शब्द घातले की परिच्छेद लांबतो आणि मूळ माहिती मागे पडते.

अनुदानाच्या विलंबाबाबतही हाच निकष लावावा. केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ठिबकसाठी ५५ टक्के आणि राज्याच्या पूरक योजनेतून आणखी २५ टक्के अनुदान मिळण्याची तरतूद आहे. परंतु पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकऱ्याला आधी स्वतः खर्च करावा लागतो आणि रक्कम नंतर खात्यात जमा होते. ज्या १३ जणांना पूर्वसंमती मिळाली नाही, त्यांतील सात जणांचे अर्ज आम्हीच शेवटच्या वर्षाच्या नोव्हेंबरनंतर भरले होते. या सात जणांच्या बाबतीत "शासकीय विलंब" हे कारण अर्धेच खरे होते, म्हणून अहवालात अर्जाच्या तारखांसह दोन्ही बाजू दिल्या.

प्रश्न : पाऊस कमी झाला हे कारण केव्हा ग्राह्य धरले जाते?

त्याला मंडळनिहाय पर्जन्यमानाचा आधार असेल आणि त्या पावसाचा त्या उद्दिष्टाशी थेट संबंध दाखवता येत असेल तेव्हा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा सातारा जिल्ह्यातील माण, खटाव हे पर्जन्यछायेतील तालुके आहेत हे प्रस्ताव लिहितानाही सर्वांना माहीतच असते, त्यामुळे "हा दुष्काळी भाग आहे" हे पूर्तता अहवालात तुटीचे कारण होऊ शकत नाही. तालुक्याची सरासरीही फार उपयोगी नसते, कारण एकाच तालुक्यात एका मंडळात ओढे वाहतात आणि शेजारच्या मंडळात पेरणी वाया जाते. आपल्या गावाच्या महसूल मंडळाचे जून ते सप्टेंबरचे महिनावार आकडे प्रकल्पाच्या प्रत्येक वर्षासाठी द्यावेत आणि नेमके कोणते काम कोणत्या महिन्यात त्यामुळे थांबले हे सांगावे.

प्रश्न : पायाभूत मोजणी चुकली किंवा झालीच नाही, तर साध्य कसे दाखवायचे?

हा प्रसंग लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो. आमचा प्रकल्प एप्रिलमध्ये सुरू झाला, पण क्षेत्रीय कार्यकर्त्यांची नेमणूक जुलैत झाली आणि विहिरींची पहिली मोजणी सप्टेंबरमध्ये. उद्दिष्ट होते मे महिन्यातील पातळी दीड मीटरने वर आणण्याचे. सप्टेंबरमध्ये पाणी पावसाळ्यामुळे वर असते आणि मेमध्ये तळाला गेलेले असते, म्हणून या दोन मोजण्यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी ठरावीक महिन्यांत मोजते, त्यामागेही एका ऋतूची तुलना त्याच ऋतूशी व्हावी हाच हेतू आहे.

अशा वेळी पहिले वाक्य स्पष्ट असावे : "प्रकल्पापूर्वीची मे महिन्याची मोजणी उपलब्ध नसल्याने हे उद्दिष्ट साध्य झाले की नाही हे सांगता येत नाही." त्यानंतर जे हाताशी आहे ते द्यावे आणि त्याची मर्यादाही सांगावी. आमच्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीच्या मेची मोजणी होती. बारा विहिरींपैकी दोन विहिरी यांतील एका तरी वर्षी कोरड्या होत्या. कोरड्या विहिरीला पाणीपातळी नसते, केवळ तळाची खोली असते, म्हणून त्या सरासरीतून वगळल्या आणि वगळल्याचे लिहिले. उरलेल्या दहा विहिरींतील पाण्याची सरासरी खोली ११.२ मीटरवरून १०.६ मीटरवर आली, म्हणजे पाणी ०.६ मीटरने वर आले.

इथेच थांबलो असतो तर आकडा बरा दिसला असता. परंतु त्याच काळात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी गावच्या ओढ्याला सोडले गेले होते आणि दहापैकी तीन विहिरी त्या ओढ्याच्या काठावर होत्या. त्या तीन बाजूला काढल्या तर उरलेल्या सात विहिरींतील वाढ सरासरी ०.३ मीटर निघत होती. प्रकल्पक्षेत्राबाहेरील ज्या चार विहिरी आम्ही तुलनेसाठी मोजत होतो, त्यांतील वाढ ०.२ मीटर होती. आमच्या बंधाऱ्यांमुळे आणि गाळ काढल्यामुळे पातळी वाढली असा दावा एवढ्याशा फरकावर करता येत नाही. बेसाल्ट खडकात शेजारच्या दोन गटांतील विहिरीही वेगवेगळ्या वागतात, आणि सात व चार ही संख्या फार लहान आहे. अहवालात आम्ही हे सर्व आकडे दिले आणि "प्रकल्पाचा परिणाम या मोजणीवरून वेगळा काढता येत नाही" असे लिहिले. संस्थेतील काहींना ते फार कठोर वाटले. मला आजही ते योग्य वाटते, कारण ओढ्याकाठच्या विहिरी कोणत्या आणि योजनेचे पाणी कधी आले हे गावातील कोणीही सांगू शकतो, आणि निधी देणाऱ्याचा माणूस गावात आला तर त्याला ते पहिल्या चहातच कळते.

मोजणीबद्दल एक लहानशी सूचना. टेप नेहमी कठड्यावरील एकाच खुणेपासून सोडावा, कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहावी आणि मोजणी पहाटे, मोटार सुरू होण्यापूर्वी करावी. मोटार चालू असताना घेतलेली पातळी खाली गेलेली असते, आणि असे दोन-तीन आकडे वहीत शिरले तरी सरासरी हलते.

प्रश्न : उद्दिष्टापेक्षा जास्त काम झाले असेल तर ते ठळकपणे दाखवावे ना?

आधी ते खरोखर जास्त आहे का हे तपासावे. महिला प्रशिक्षणाचा आमचा पहिला आकडा ४१२ होता आणि उद्दिष्ट ३००. हा ४१२ म्हणजे सर्व हजेरीपटांवरील सह्या आणि अंगठ्यांची बेरीज होती. नावे जुळवल्यावर वेगवेगळ्या महिला २३६ निघाल्या, कारण बचत गटाच्या त्याच महिला तीन-तीन सत्रांना येत होत्या आणि सासर-माहेरच्या नावांमुळे काही जणी दोनदा नोंदल्या गेल्या होत्या. ३७ टक्क्यांनी जास्त दिसणारे साध्य प्रत्यक्षात उद्दिष्टाच्या ७९ टक्के होते. न आलेल्या महिलांत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील महिला बऱ्याच होत्या. दिवाळीच्या सुमारास ती कुटुंबे गाव सोडतात, आणि आमची बहुतेक सत्रे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवली होती. हाही आमच्या वेळापत्रकाचा दोष होता आणि तो तसाच लिहिला.

प्रश्न : मध्येच उद्दिष्ट बदलले असेल तर कोणत्या उद्दिष्टाशी तुलना करावी?

दोन्हींशी. मूळ उद्दिष्ट पहिल्या रकान्यात ठेवून सुधारित उद्दिष्ट त्याशेजारी द्यावे आणि बदलास लेखी मान्यता मिळाल्याची तारीख लिहावी. मान्यता तोंडी असेल, तर ती मान्यता धरू नये.

प्रश्न : न वापरलेल्या रकमेबद्दल काय लिहावे?

कामाची तूट आणि खर्चाची शिल्लक यांचा मेळ बसला पाहिजे. प्रत्येक ठिबक संचामागे प्रकल्पातून ८,००० रुपयांचे साहाय्य होते. १२० संचांसाठी ९,६०,००० रुपये मंजूर होते आणि ७१ संचांवर ५,६८,००० खर्च झाले, म्हणून ३,९२,००० रुपये शिल्लक दिसायला हवेत. लेखापालाच्या वहीत मात्र शिल्लक ३,६८,००० होती, म्हणजे ७४ संचांचा खर्च पडला होता. शोध घेतल्यावर तीन शेतकऱ्यांना रक्कम दिली होती पण त्यांनी संच बसवलेच नव्हते, असे निघाले. त्यांपैकी दोघांनी पैसे परत केले. तिसऱ्याचे ८,००० रुपये येणे असल्याचे अहवालात आणि सनदी लेखापालाच्या विनियोग प्रमाणपत्रात, दोन्हीकडे, सारख्याच शब्दांत नोंदवले. वर्णनात्मक अहवाल एक जण लिहितो आणि हिशेब दुसरा करतो, त्यामुळे असे फरक राहतात. दोघांनी एका दुपारी समोरासमोर बसून संच आणि पावत्या जुळवल्या की ते सापडतात.

शिल्लक रक्कम परवानगीशिवाय दुसऱ्या शीर्षावर वळवू नये, काम कितीही चांगले असले तरी. निधी कंपनीच्या सामाजिक दायित्वातून आलेला असेल तर वेळेचे भानही ठेवावे लागते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालील तरतुदींनुसार, केवळ संस्थेला रक्कम दिल्याने ती कंपनीच्या बाजूने खर्च झाली असे मानले जात नाही, संस्थेने ती प्रत्यक्ष वापरावी लागते. हे कंपनी कामकाज मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. चालू प्रकल्पाची न वापरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीला वेगळ्या खात्यात जमा करावी लागते. म्हणून शिल्लक राहणार हे डिसेंबर-जानेवारीत दिसू लागले की तेव्हाच लेखी कळवावे. जूनमध्ये अहवालातून प्रथमच कळवले तर कंपनीची अडचण होते, आणि ती अडचण आपल्यामुळे झालेली असते.

प्रश्न : तूट एवढी उघडपणे सांगितली तर पुढचा निधी बंद होणार नाही का?

होऊ शकतो, आणि तसे होणार नाही असे आश्वासन मी कोणाला देणार नाही. काही निधी देणाऱ्यांना केवळ टक्केवारी पाहायची असते. परंतु माझा अनुभव असा आहे की निधी थांबण्याचे कारण तुटीपेक्षा ती उशिरा कळणे हेच जास्त वेळा असते. आमच्या प्रकल्पात दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस केवळ ३१ संच बसले होते, आणि सहामाही अहवालात आम्ही "काम प्रगतिपथावर आहे" एवढेच लिहिले होते. तेव्हाच सामाईक सातबाऱ्याची अडचण मांडली असती तर उद्दिष्ट लेखी सुधारून घेता आले असते. पूर्तता अहवालावरील चर्चेत कंपनीच्या अधिकारी बाईंनी ४९ संचांच्या तुटीबद्दल विशेष काही विचारले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की हे वर्षभर आधी माहीत असताना सांगितले का नाही. त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

प्रश्न : विश्वस्त मजकूर सौम्य करायला सांगतात. काय करावे?

शब्दांवर वाद घालू नये, आकड्यांवर ठाम राहावे. "त्रुटी" ऐवजी "उणीव" लिहायचे असेल तर लिहावे. मात्र तक्त्यातील साध्याचा रकाना, तुटीची फोड आणि कारण न समजलेल्यांची संख्या यांना हात लावू देऊ नये. मसुदा विश्वस्तांकडे पाठवताना शेतकऱ्यांची यादी आणि मोजणी वही सोबत जोडली तर बहुतेक आक्षेप आपोआप मिटतात.

प्रश्न : अहवालात व्यक्तींची किंवा कार्यालयांची नावे द्यावीत का?

शेतकऱ्यांची नावे अहवालात नकोत, ती संस्थेच्या फाईलमध्ये असावीत आणि अहवालात केवळ क्रमांक असावेत. संमती न देणाऱ्या भावाचे नाव कंपनीच्या पुणे किंवा मुंबईच्या कार्यालयात जाण्याचे काही कारण नाही. शासकीय कार्यालयाबाबत लिहिताना अर्जाची तारीख, पाठपुराव्याच्या तारखा आणि आजची स्थिती द्यावी, अधिकाऱ्याच्या वृत्तीविषयी लिहू नये.

प्रश्न : अहवाल पाठवण्यापूर्वी गावात वाचून दाखवावा का?

तुटीचा भाग तरी नक्की वाचून दाखवावा. आम्ही तो मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर एका संध्याकाळी वाचला, तीसेक माणसे होती. तोपर्यंत आमच्या यादीत कारण न समजलेले शेतकरी सात होते आणि सामाईक सातबाऱ्याचे वीस. वाचन झाल्यावर मागे बसलेल्या एका वयस्कर बाईंनी त्या सातांपैकी दोघांची गोष्ट सांगितली. दोन्ही शेते अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर होती, वारसांची नोंद झालेली नव्हती, आणि बहिणींच्या सह्या मागाव्या लागतील म्हणून मुलांनी अर्जच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात उतारे पाहून खात्री करून घेतली आणि मगच वीसचे बावीस व सातचे पाच केले.